कवडी आटवताना

सिप्रियन मास्तरांना आयुष्यात काय जमलं नाही असं वसईतल्या गिरीज गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल. हात स्वस्थ ठेवणं. वाफ्यात बी पेरलं की तिसऱ्या दिवशी माती उकरून कोंब फुटला का ते पाहायचे. केळीचा घड पिकायला ठेवला की रोज अंगठ्याने दाबून दाबून त्याची चाळण करायचे. चूल, कुकर, भाजी, कशावरचंही झाकण त्यांच्या हातून सुटलं नाही. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि चौतीस वर्षं मुलांना एकच सांगितलं, "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही मानू नका." मुलं मोठी झाली, सगळं मानायला लागली. मास्तर मात्र अजून पाहतच होते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गाय घेतली. घरामागे वाडी, वाडीत केळी, नारळ, थोडं गवत, आणि विहिरीजवळ पत्र्याचा छोटा गोठा. गाय संकरित, काळीभोर, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. म्हणून नाव कवडी. दूध घरात वापरायचं, उरलं तर शेजारी द्यायचं. गाय घेताना बायको लिडिया म्हणाली होती, "शेण कोण काढणार?" आणि आठ दिवसांत तीच शेण काढायला लागली. गायीच्या पाठीवर हात फिरवत तिच्याशी गप्पा मारायला लागली. नवऱ्याशी ती एवढं बोलत नव्हती, असं शेजारचे स्टॅनी म्हणायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

मागच्या वेताला मात्र घात झाला. घरात पाहुणे होते, लग्न होतं, दूध लागत होतं, आणि मास्तर गाय पिळतच राहिले. व्यायला वीस दिवस राहिले तेव्हा कुठे थांबले. कवडी व्याली तेव्हा हाडं वर आलेली. वासरू मांजराएवढं. त्याला उभं राहता येईना. लिडियाने त्याला मांडीवर घेऊन बाटलीने चीक पाजला, दोन रात्री गोठ्यातच बसून काढल्या, आणि तिसऱ्या दिवशी ते गेलं. वर कवडीच्या मागच्या डाव्या सडाला सूज आली. दुधातून गाठी यायला लागल्या. औषधोपचाराने सड वाचला, पण जेमतेम.

त्या दिवशी लिडिया फार बोलली नाही. भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "पुढच्या खेपेला असंच झालं, तर गाय या घरात राहायची नाही. कॉन्रॅड घेऊन जाईल. मला हे पुन्हा बघवणार नाही."

कॉन्रॅड हा तिचा भाचा. विरारच्या पलीकडे त्याचा चाळीस म्हशींचा तबेला. चांगला मुलगा, जनावरांना जपणारा, पण त्याच्याकडे कवडी म्हणजे चाळिसांतली एक्केचाळिसावी. लिडिया उगाच बोलत नाही, हे मास्तरांना लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. तेव्हा या खेपेला कवडीचं वेत धड झालंच पाहिजे होतं. नाहीतर गोठा रिकामा.

म्हणून त्यांनी डॉक्टर हेमांगीला बोलावलं. जनावरांची डॉक्टर, तीस-बत्तीस वर्षांची, स्कूटरवर मोठी बॅग लावून साऱ्या वसईभर फिरणारी. कधीकाळी मास्तरांचीच विद्यार्थिनी. प्रयोगवही उशिरा दिली म्हणून तिला त्यांनी एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. ते ती विसरली नव्हती.

"सर, तारीख काढली मी," ती म्हणाली. "बावीस जानेवारीच्या आसपास विईल. म्हणजे तेवीस नोव्हेंबरला दूध बंद. पूर्ण साठ दिवस तिला सुट्टी. कास पुन्हा नव्याने तयार व्हायला तेवढे दिवस लागतात. आणि पोटातलं वासरू सगळ्यात जास्त वाढतं ते याच दोन महिन्यांत."

"आता रोज सात लिटर देते," मास्तर म्हणाले. "एकदम कसं बंद करणार?"

"आधी आठवडाभर खुराक तोडायचा. चुनी नाही, पेंड नाही, हिरवं गवत अगदी थोडं. नुसता पेंढा. पाणी मात्र पोटभर, ते तोडायचं नाही. दूध आपोआप निम्म्यावर येईल. मग एक दिवस शेवटचं पूर्ण पिळायचं, मी चारी सडांत औषध सोडेन, आणि त्यानंतर बंद म्हणजे बंद."

तसंच झालं. आठवडाभरात दूध साडेतीन लिटरवर आलं. तेवीस तारखेला सकाळी मास्तर कास शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करायला बसले. हेमांगीने आधी चार वाट्यांच्या पांढऱ्या तबकडीत चारी सडांचं थोडं थोडं दूध घेतलं, त्यात जांभळं औषध घालून गोल हलवलं. एकही वाटी घट्ट झाली नाही. "चारी सड साफ," ती म्हणाली. मग कास रिकामी झाल्यावर स्पिरिटच्या बोळ्याने एकेक सडाचं टोक घासून पुसलं, प्रत्येकात एक एक नळी रिकामी केली, आणि शेवटी चारी सड आयोडीनच्या तांबूस औषधात बुडवले.

"आता नीट ऐका, सर. तीन-चार दिवस कास फुगेल. टणक होईल. गाय ओरडेल. तुम्हाला दया येईल. पण पिळायचं नाही. आत दूध तटलं की तो दाबच दूध बनणं थांबवतो. मग जे असेल ते शरीर परत शोषून घेतं. आणि सडाच्या तोंडाशी बूच बसतं, मेणासारखं. ते बूच म्हणजे कुलूप. कुलूप लागलं की बाहेरची घाण आत जात नाही. कास गरम लागली, लाल झाली, गाय खायची थांबली, तर मला फोन करायचा. बाकी फक्त बघायचं."

"फक्त बघायचं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी शाळेतली एक कोरी वही काढून तिच्यावर रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवसापासून घरात लष्करी शिस्त लागू झाली. मास्तरांनी लिडियाला बजावलं, शेजारच्या स्टॅनींना बजावलं. स्टॅनी त्यांचे चुलतभाऊ, वयाने दोन वर्षांनी मोठे, वालीवच्या एका कारखान्यात लेथवर आयुष्य काढून आता घरी बसलेले. रोज संध्याकाळी गोठ्याजवळच्या बाकड्यावर बसून कवडीकडे पाहत विडी ओढायची, हा त्यांचा कार्यक्रम.

"कासेला कुणी हात लावायचा नाही," मास्तर म्हणाले.

"मी कशाला लावू?" स्टॅनी म्हणाले. "मला माझ्या गुडघ्याला हात लावायला होत नाही."

तिसऱ्या दिवशी कास टम्म फुगली. दूध काढायची वेळ झाली की कवडी दाराकडे तोंड करून हंबरायची. लिडिया स्वयंपाकघरात कानावर पदर ओढायची. "बिचारी," म्हणायची, पण जागची हलायची नाही. चहाला पिशवीचं दूध आणलं. त्या चहाला तोंड वाकडं करायचं काम एकटे स्टॅनी इमाने इतबारे करत होते.

आणि मास्तर? मास्तर निरीक्षण करत होते. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला गोठ्यात जायचे, हात साबणाने धुवायचे, खाली बसायचे, आणि प्रत्येक सडातून चार-सहा धारा एका कपात काढून दूध किती उतरतंय, पातळ झालंय की घट्ट, ते वहीत टिपायचे. त्याला ते पिळणं म्हणत नव्हते. पिळणं म्हणजे बादली. ही तर तपासणी. आता दूध खरोखर थांबतंय का, हे कळायला नको? डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानायचं कसं?

पाचव्या दिवशी कास कमी व्हायला हवी होती. झाली नाही. सातव्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी मास्तरांच्या वहीत आकडे जवळपास तेच. आकडे खोटं बोलत नाहीत. म्हणजे खोटं कुणीतरी माणूस बोलत होतं.

मास्तरांनी पाळत ठेवली. दुपारी जेवून झोपायच्या वेळी केळीच्या आड खुर्ची टाकून बसले. स्टॅनी आले, इकडं तिकडं पाहिलं, पाठमोरे गव्हाणीशी थोडं घुटमळले, आणि बाकड्यावर जाऊन विडी पेटवली. कासेला हात लावला नाही. लिडिया आली, शेण काढलं, कवडीच्या मानेवर थोपटलं, आणि कासेकडे वाकून काहीतरी पाहिलं. बस्स, तेवढंच मास्तरांना पुरलं.

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. वर्गात विचारायचे त्याच सुरात. "लिडिया, खरं सांग. तुला दया येते, मला कळतं. पण तू चोरून थोडं थोडं काढतेस का?"

लिडियाने भाताचा घास ताटात परत ठेवला.

"मी?"

"दुसरं कोण? कास उतरत नाही. कुणीतरी पिळतंय. स्टॅनी नाही, मी पाहिलं. मग घरात राहिलं कोण?"

लिडियाचे डोळे भरून आले. रागाने आले की दुःखाने, हे मास्तरांना कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही कळलं नसावं. "माझ्या मांडीवर ते वासरू गेलं," ती म्हणाली, "आणि मी पिळेन? तुम्हाला असं वाटलं तरी कसं?" ती ताट उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी ती मास्तरांशी बोलली नाही. चहा टेबलावर आला, माणूस आलं नाही.

त्याच दिवशी सकाळी धोंडूबाई पेंढा घेऊन आली. खाडीकाठच्या भातशेतीवाल्या गावातली, पंचाहत्तरीची. नातवाच्या टेम्पोत पुढं बसून यायची आणि पेंढा उतरवताना बसल्या जागेवरून हुकूम सोडायची. साठ वर्षं जनावरांत गेलेली. मास्तर तिला मावशी म्हणायचे, आणि ती मास्तरांना ते पाळण्यात असल्यासारखी अरे-तुरे करायची.

पेंढा उतरला. धोंडूबाई कवडीच्या मागे जाऊन उकिडवी बसली. हात लावला नाही, नुसतं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मास्तर," ती म्हणाली, "हिला कोन पिलतो?"

"तेच तर मी शोधतोय, मावशी!" मास्तर उत्साहाने पुढे झाले. "तुम्हालाही तसंच वाटतं ना?"

"वाटतं काय? दिसतं ना. सडाचं तोंड बघ, कसं ओलं हाय. आटलेल्या गाईचा सड सुका पडतो, तोंडावर खपली धरते. इथं भुईवर दुधाचा थेंब पडलाय, त्यावर मुंग्या हायत. आन आजचाच हाय तो." तिने मान वर केली. "सकाली इथं कोन आलता?"

"सकाळी मी एकटाच. मी तपासणीला."

"कसली तपासनी?"

मास्तरांनी अभिमानाने वही आणून उघडली. धोंडूबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच मोठ्याने वाचून दाखवलं. "उजवा पुढचा, पाच धारा. डावा पुढचा, सहा धारा. उजवा मागचा..." आणि तिथे त्यांचा आवाज थांबला.

गोठ्याच्या दारात लिडिया उभी होती. बाकड्यावर स्टॅनी होते. धोंडूबाई खाली बसल्या बसल्या मास्तरांकडे पाहत होती.

"दोन वेला, चार सड, पाच-सहा धारा," धोंडूबाई शेवटी म्हणाली. "आरे बाबा, गाईला काय कलतं तू वहीत लिवतो ते? तिला वाटतं, मालक आला, पान्हा सोड. तू सांगतो, दूध दे, म्हनून ती देते. चोर धरायला बसला आन सोताच चोर!"

स्टॅनींना हसू आवरेना. विडी तोंडातून पडली. लिडिया हसली नाही. ती वळली आणि घरात गेली. तिची ती पाठ पाहून मास्तरांनी वही मिटली. चौतीस वर्षांत त्यांनी कुठल्याच मुलाला पुराव्याशिवाय दोषी धरलं नव्हतं. घरात मात्र पहिल्याच संशयावर धरलं, आणि गुन्हेगार कोण, तर स्वतः.

त्यांनी हेमांगीला फोन केला. ती तासाभरात आली, सगळं ऐकलं, आणि चक्क तोंडावर हात धरून हसली. मग कासेवर हात ठेवला आणि तिचं हसू थांबलं.

"मागचा डावा गरम आहे, सर."

तबकडीतली एक वाटी जेलीसारखी घट्ट झाली. सडातून बारीक गाठी आल्या. तोच सड, मागच्या वेताला वाचलेला. मास्तर भिंतीला टेकले.

"कुलूप लागायच्या आधीच तुम्ही रोज दोनदा उघडत होतात," हेमांगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते आणखीनच लागलं. "माझं औषधही तुमच्या त्या कपातून बाहेर गेलं. आणि दुसरं काहीतरी आहे. नुसत्या तपासणीने एवढं दूध राहणार नाही. हिला खुराक कोण घालतंय?"

आता स्टॅनींनी खोकून घसा साफ केला. "थोडीशी चुनी," ते म्हणाले. "रोज दुपारी. एक घमेलं. नुसता पेंढा खाताना बघवेना मला. मी कासेला हात लावला नाही हं, सिप्रियन!"

"दोन शास्त्रज्ञ," धोंडूबाई म्हणाली. "एक वरून भरतो, एक खालून काढतो. आन गाय आटायची वाट बघतायत." एवढं बोलून ती टेम्पोत जाऊन बसली.

हेमांगीने बोटांवर हिशेब केला. "आज दोन डिसेंबर. तीन दिवस या सडावर उपचार. इंजेक्शन मी देते. तो सड तेवढा रिकामा करायचा, दूध मातीत पुरायचं, कुणी प्यायचं नाही. पाच तारखेला परत एकदा पूर्ण पिळून चारी सडांत नव्याने औषध. म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस उरतात. पंचेचाळीसच्या खाली गेलं असतं, तर मला काही करता आलं नसतं."

"पुरतील?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचे हात जागेवर राहिले, तर पुरतील."

त्या संध्याकाळी मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आत जायची हिंमत झाली नाही. "लिडिया," ते म्हणाले, "मी चुकलो. गायीच्या बाबतीत चुकलो ते एक. पण तुझ्यावर आळ घेतला, ते जास्त वाईट. मला लाज वाटते."

लिडिया कांदा चिरत होती. चिरत राहिली. "कॉन्रॅडला मी सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "जानेवारीत टेम्पो तयार ठेव म्हणून."

मास्तर मान खाली घालून परत गेले. ती माफ करणार नाही असं तिने म्हटलं नव्हतं, पण करते असंही म्हटलं नव्हतं.

पाच डिसेंबरला पुन्हा शेवटचं दूध निघालं, चारी सडांत औषध गेलं. आणि या खेपेला गोठ्याची सूत्रं लिडियाने आपल्या हाती घेतली. मास्तरांना तिने परवानगी दिली ती फक्त जमिनीची. गोठ्याची जमीन झाडायची, ओली जागा कोरडी करायची, त्यावर पेंढा पसरायचा, संध्याकाळी खराब झालेला पेंढा काढायचा. "गाय बसेल तिथे ओल नको," हेमांगीने सांगितलं होतं. "कास चिखलात टेकली की रोग आत." मास्तर हात मागे बांधून झाडू शोधायचे आणि झाडू मिळाल्यावर हात पुढे आणायचे. कासेपासून चार हात लांब.

तिसऱ्या दिवशी कास पुन्हा फुगली. कवडी हंबरली. मास्तर वाडीच्या टोकाला, विहिरीपलीकडे जाऊन उभे राहिले, म्हणजे हंबरणं ऐकू येऊ नये. तरी आलंच. सहाव्या दिवशी हंबरणं थांबलं. दहाव्या दिवशी लिडियाने त्यांना हाक मारली. "या, बघा. लांबून." कास सैल पडली होती, रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. सडांची टोकं कोरडी होती, त्यांवर पिवळट खपली. मागच्या डाव्याच्याही टोकावर. मास्तरांचा हात आपसूक पुढे गेला आणि लिडियाने त्यावर चापट मारली. चांगली कडक मारली. मास्तरांना मात्र ती आवडली, कारण दोन आठवड्यांत तिने त्यांना पहिल्यांदाच हात लावला होता.

नाताळ आला. मुलगा रायन आणि त्याची बायको डायना बोळिंजच्या फ्लॅटमधून चार दिवस राहायला आले. वडे झाले, गोडधोड झालं, आणि उरलेलं सगळं प्रेमाने कवडीपुढे घेऊन जाण्याची वसईकरांची जुनी खोड उफाळून आली. डायना केकचा तुकडा घेऊन गोठ्याकडे निघाली. लिडिया आडवी आली.

"पप्पा म्हणाले होते तिला दोघांचं खायला हवं," डायना म्हणाली.

"पप्पांचं काही ऐकू नको," लिडिया म्हणाली. "आता तिला पेंढा, थोडं हिरवं, मूठभर खनिज मिश्रण आणि एक किलो खुराक. शेवटच्या दोन फासळ्या दिसल्या पाहिजेत, बाकीच्या नुसत्या हाताला लागल्या पाहिजेत. लठ्ठ गाय विताना अडते."

"मम्मी, तू डॉक्टर कधी झालीस?"

"तुझा सासरा चोर झाला तेव्हा."

घरभर हशा पिकला. मास्तरही हसले. त्यांना हसू यायचं कारण वेगळं होतं. लिडियाने त्यांच्यावर विनोद केला होता, आणि ज्याच्यावर ती खरंच रागावते त्याच्यावर ती कधी विनोद करत नाही.

जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून खुराक हळूहळू वाढवायचा, असं हेमांगीने लिहून दिलं होतं. दर तीन-चार दिवसांनी पाव-अर्धा किलो, व्यायच्या वेळेपर्यंत तीन किलोवर. म्हणजे पोटाला सवय होते आणि व्याल्यावर एकदम खाणं वाढवल्याने बिघाड होत नाही. स्टॅनींना आता रोज चुनी घालायचं अधिकृत काम मिळालं. वजनकाटा लिडियाच्या हातात, घमेलं स्टॅनींच्या. तरीही एक दिवस ते वालीवहून एक लिटरची गुलाबी बाटली घेऊन आले.

"कॅल्शियम," ते म्हणाले. "हाडं मजबूत होतात. तीन आठवडे रोज पाजू."

मास्तर झाडू टाकून मध्ये पडले. "थांब! डॉक्टरने सांगितलंय. व्यायच्या आधी कॅल्शियम द्यायचं नाही. आता आपण बाहेरून भरलं, तर तिच्या शरीराला स्वतःच्या हाडांतून काढायची सवय राहत नाही. मग वितानाच एकदम दुधासाठी मागणी आली की गाय कोसळते. मान वळवून पडते, थंडगार. ही बाटली व्याल्यानंतरची."

स्टॅनी बाटलीकडे पाहत राहिले. "तू ऐकलंस म्हणायचं," ते म्हणाले. "वहीत न लिहिता?"

"ऐकलं," मास्तर म्हणाले. तेव्हा लिडिया दारात होती. तिने ऐकलं की नाही ते कळलं नाही, पण त्या संध्याकाळी चहा घेऊन ती स्वतः बाहेर आली आणि बाकड्यावर बसली.

शेवटच्या दहा दिवसांत कास पुन्हा भरायला लागली. हा फुगवटा वेगळा, तजेलदार, पोटापर्यंत चढलेला. कासेला सूज येऊ नये म्हणून कवडीच्या खुराकातलं मीठ कमी केलं. लिडिया सकाळ-संध्याकाळ हात धुऊन चारी सड त्या तांबूस औषधात बुडवायची आणि मास्तर तिच्यासाठी नुसती वाटी धरून उभे राहायचे. एकही थेंब कुणी काढला नाही. मास्तर पहाटे उठून गोठ्यात जायचे, कवडीशी बोलायचे. "तुझं तू बघ," म्हणायचे, "आम्ही काही बघत नाही."

एकवीस जानेवारीला सकाळी कवडीने खाणं सोडलं, शेपटीजवळचे स्नायू सैल पडले. अकराच्या सुमाराला पाण्याची पिशवी दिसली. हेमांगी आली, पण तिला फारसं काही करावं लागलं नाही. आधी दोन पांढरे खूर, त्यावर टेकलेलं नाक, मग डोकं, मग सगळं एकदम पेंढ्यावर. कालवड! भरदार, काळी, कपाळ कोरं. लिडियाने नाकातोंडातला चिकटा काढला, पोत्याने अंग पुसलं, आणि कवडीने वळून ते काम तिच्याकडून काढून घेतलं. अर्ध्या तासात कालवड चारी पायांवर उभी होती, डुलत, पडत, परत उठत.

हेमांगीने कास धुतली. "आता पाजायचं," ती म्हणाली. "पण आधी प्रत्येक सडातून दोन धारा काढून बघू."

कुणाच्या मनात काय होतं ते सगळ्यांना कळत होतं. मागचा डावा. मास्तर मागे सरकले, भिंतीपर्यंत. हेमांगी खाली बसणार, इतक्यात लिडिया म्हणाली, "थांब. यांना काढू दे."

"मला?"

"तुम्हीच. आता पिळायचंच आहे. सगळ्यांच्या समोर."

मास्तर खाली बसले. उजवा पुढचा, पिवळा जाड चीक. डावा पुढचा, तसाच. उजवा मागचा, तसाच. मागच्या डाव्यावर त्यांनी बोटं ठेवली आणि डोळे मिटले. दाबलं. काही आलं नाही. पुन्हा दाबलं. आतून मेणासारखा एक छोटा बोळा निसटला आणि मागोमाग धार आली, जाड, सोनेरी, एकही गाठ नसलेली. त्यांना डोळे उघडायचीही गरज पडली नाही, कपाच्या तळाशी आवाज आला तेव्हाच कळलं.

"साफ!" हेमांगी ओरडली.

मास्तर रडले. लपवलं नाही. कालवडीचं तोंड लिडियाने त्याच सडाला लावलं आणि ती चुटुचुटु ओढायला लागली. धोंडूबाईला फोन गेला. तिने पलीकडून "आता तरी हात काढून घे" असं सांगितलं, म्हणून मास्तरांनी घाईने हात काढून घेतला.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुपारपर्यंत आळीतल्या चार बायका वाटगे घेऊन कुंपणाशी उभ्या. खरवस! हेमांगीने आधीच सांगून ठेवलं होतं की सडांतल्या औषधामुळे पहिले चार दिवस दूध माणसांनी घ्यायचं नाही. चीक सगळा कालवडीचा. मास्तरांनी जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. आज ते कुंपणाशी जाऊन सरळ म्हणाले, "यंदा खरवस नाही. पुढच्या आठवड्यात दूध देईन, या." बायका कुरकुरत गेल्या. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

ते परत आले तेव्हा लिडिया बाकड्यावर बसून फोन लावत होती.

"हां, कॉन्रॅड," ती म्हणाली. "कवडी व्याली. कालवड झाली. नाही, नाही, तिला काही झालेलं नाही, चारी सड व्यवस्थित आहेत. अरे ऐक ना, टेम्पो पाठवू नकोस. आता कधीच पाठवू नकोस. नाही रे बाबा, म्हाताऱ्यालाही पाठवत नाही, तो पण इथंच राहील."